झटका आल्यानंतर वाहन चालवण्याच्या पात्रतेबाबत वैद्यकीय अभिप्राय

वडोदरा, 2 सप्टेंबर 2025

प्रति,
लायसन्सिंग अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, वडोदरा

विषय: श्री. वसंत जाधव, वय 43, राहणार दांडिया बाजार, वडोदरा

महोदय,

श्री. जाधव शाळेची व्हॅन चालवतात. हे पत्र त्यांच्या लेखी संमतीने देत आहे. संमतिपत्र आणि लायसन्सची झेरॉक्स सोबत आहे.

11 ऑगस्टला सकाळी ते घरी चहा पीत असताना डावा हात आपोआप झटके देऊ लागला, कप हातातून पडला आणि लगेच सगळं अंग ताठ झालं. शुद्ध हरपली, जीभ चावली गेली, कपड्यांत लघवी झाली. झटके दोन-तीन मिनिटं चालले. नंतर अर्धा तास ते गुंगीत होते. हे सगळं त्यांच्या पत्नीने पाहिलं आहे आणि त्यांचं वर्णन मला नेमकं वाटतं. थोड्याच वेळात ते मुलांना आणायला निघणार होते.

रक्तातील साखर, सोडियम आणि ईसीजी नॉर्मल आहेत. दारूची सवय नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात न्यूरोसिस्टिसर्कोसिसची, म्हणजे फीतकृमीच्या अळीची, एक लहान गाठ व भोवती सूज दिसली. झटका डाव्या हातातून सुरू होण्याशी हे जुळतं. अल्बेंडाझोल आणि स्टिरॉइडचा कोर्स झाला आहे. लेव्हेटिरासिटॅम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. त्यानंतर झटका आलेला नाही.

त्यांच्याकडे एमआरआयपूर्वी अन्यत्र मिळालेला ‘चक्कर आली होती, आता ठीक’ असा दाखला आहे. तो ग्राह्य धरू नये. ही चक्कर नव्हती, मिरगीचा झटका होता, आणि फॉर्म 1 मध्ये विचारलेल्या मिरगीच्या प्रश्नाचं उत्तर आज त्यांना ‘हो’ असंच द्यावं लागेल.

माझ्या मते ते सध्या कोणतंही वाहन चालवण्यास पात्र नाहीत, दुचाकीसुद्धा. गाठ विरघळेपर्यंत पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो आधी सूचना देईलच असं नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 16 खाली आपण योग्य ती कारवाई करावी.

मात्र आजार बरा होण्यासारखा आहे. फेब्रुवारी 2026 मध्ये एमआरआय पुन्हा करणार आहे. गाठ गेली असेल आणि मधल्या काळात झटका आला नसेल, तर खासगी वाहनाबाबत मी नव्याने अभिप्राय देईन. शाळेच्या व्हॅनचं वेगळं आहे: गोळ्या चालू आहेत तोवर मी तिची शिफारस करणार नाही. कायमचा निर्णय तूर्त घेऊ नये, अशी विनंती. घर त्यांच्या एकट्याच्या कमाईवर चालतं, तरीही झटक्याच्या दिवसापासून त्यांनी व्हॅनची किल्ली मालकाकडे दिलेली आहे.

अधिक माहिती लागल्यास मला कळवावं.

आपला,
डॉ. सुहास पागे
न्यूरोलॉजिस्ट, वडोदरा

सोबत: एमआरआय आणि ईसीजी रिपोर्ट, संमतिपत्र, लायसन्सची झेरॉक्स