अठराचा पाढा

ड्रेस्डेनच्या डॉक्टरीण बाईंनी अनिकेतला नवं ग्लुकोमीटर दिलं आणि पहिल्याच सकाळी त्यावर ५.८ आकडा आला. नाशिकमध्ये शुगर ऐंशी, एकशे चाळीस अशी मोजत वाढलेल्या मुलाला या आकड्याचं काय करावं कळेना. पश्चिम जर्मनीत आपल्यासारखंच मिलिग्रॅममध्ये मोजतात म्हणे, इथे पूर्वेकडे मात्र मिलिमोलमध्ये. आकड्याला अठराने गुणायचं. अठरा पंचे नव्वद, वर चौदा. एकशे चार. ठीक आहे. आठवडाभर तो ट्रॅममध्ये मनातल्या मनात पाढाच म्हणत होता.

अकराव्या वर्षी त्याला टाइप वन डायबिटीस निघाला, तेव्हापासून घरात एकच नियम होता: बाहेर बोलायचं नाही. मावशीकडे गेलं तरी इंजेक्शन न्हाणीघरात. कॉलेजात फक्त रूममेटला ठाऊक. विमानतळावर आईने इन्सुलिनची पेनं, सुया आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्याच बॅगेत आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासलं (सामानात टाकलं तर गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया). मग कानात म्हणाली, "नोकरी पक्की होईपर्यंत कुणाला काही सांगू नकोस."

पक्की व्हायला सहा महिने होते. तोवर दोन आठवड्यांची नोटीस देऊन कुणालाही काढता येतं, हे त्याने करारात नीट वाचलं होतं.

कंपनी शहराच्या उत्तरेला, इलेक्ट्रॉनिक चिप बनवणारी. क्लीनरूममध्ये जायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, मास्क, दोन दोन हातमोजे. आत खाणं नाही, पाणी नाही, खासगी फोन नाही. दंडावरच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म फोनवर वाजायचा आणि फोन बाहेर लॉकरमध्ये. म्हणजे आत असताना सेन्सर असून नसल्यासारखाच.

त्या गुरुवारी कँटीनमध्ये बटाट्याचे मोठे गोळे होते. ताट बघून त्याने हिशेबाने इन्सुलिन घेतलं, अर्थात टॉयलेटमध्ये जाऊन. एक गोळा खाल्ला असेल नसेल, तोच शिफ्टमधल्या स्टेफनचा निरोप आला की मशीन थांबलंय, लगेच ये. इन्सुलिन ताटभर जेवणाचं आणि पोटात निम्मंच.

तासाभराने मायक्रोस्कोपपाशी त्याला घाम फुटला. त्या सूटमध्ये घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. स्टेफनने वेफरचा, म्हणजे ज्यावर चिप बनतात त्या चकतीचा, नंबर विचारला, त्याने सांगितला. स्टेफन म्हणाला, "हा नाही, पुढचा." त्याने परत तोच सांगितला. गुडघे हलके झाले होते. अठरा चोक किती, ते आठवेना, तेव्हा मात्र तो घाबरला.

"मला बाहेर जायचंय."

"दहा मिनिटांत ब्रेक आहे."

"आत्ता."

स्टेफनने त्याच्या मास्कवरच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि दंड धरून त्याला दाराकडे नेलं. कपडे बदलायच्या खोलीत अनिकेतला हातमोजेही निघेनात. स्टेफनने ते ओढून काढले आणि लॉकर उघडला. ग्लुकोजच्या गोळ्या मोज्यांच्या घडीत लपवलेल्या होत्या. चार चावून तो बाकावर बसून राहिला. मीटरवर आकडा होता २.९.

पंधरा मिनिटांनी ४.६ आला. मग स्टेफन बोलला, आणि तो चिडलेला होता.

"तू आत पडला असतास तर मी एकशे बाराला फोन करून काय सांगितलं असतं? की माणूस पडलाय, का पडला माहीत नाही?"

"नोकरी जाईल असं वाटलं."

"यामुळे जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण मोज्यात साखर लपवणाऱ्या माणसाबरोबर मी आत काम करणार नाही."

दुसऱ्या दिवशी अनिकेत स्वतःहून कंपनीच्या डॉक्टरकडे गेला. त्या बाईंनी आधीच स्पष्ट केलं की आजाराची माहिती त्या साहेबांना देणार नाहीत; शिफ्टमध्ये कुणाला काय सांगायचं ते त्याने ठरवायचं. त्याने स्टेफनला आणि शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या कात्या नावाच्या मुलीला सांगायचं ठरवलं. सेन्सरचा छोटा रीडर पुसून, पाकिटात सील करून आत न्यायला परवानगी मिळाली. गोळ्यांचा डबा दाराजवळच्या कप्प्यात, वर नाव लिहून. आत जायच्या आधी मोजायचं, ५.५ च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच सूट चढवायचा.

रविवारी आईचा फोन आला. सांगायचं नाही असं ठरवूनही त्याने सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टीच ऐकू येत होती.

"सांगून बसलास तर."

"हो."

"पगार कापणार नाहीत ना?"

"नाही गं."

"आणि ती मुलगी, काय नाव म्हणालास? तिला माहितीये का, लो झाल्यावर काय करायचं?"

"गोळ्या द्यायच्या, एवढं सांगितलंय."

"गोळ्या संपल्या तर ती बिस्किट देईल. बिस्किटाला वेळ लागतो. पाण्यात तीन चमचे साखर म्हणावं, सपाट नाही, भरून. आणि शुद्धीत नसलास तर तोंडात काही घालायचं नाही, तेही सांग. लिहून दे तिला, जर्मनमध्ये. थांब, मी सांगते तसं लिहून घे."