सात पूल, आठ पाट, नऊ पाहुणे

आदरणीय प्राचार्य सर, विभागातले सहकारी, ऑफिसमधली मंडळी, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि मघापासून दाराशी उभे राहून ऐकणारे मामा, आत या हो. आज तरी बसा.

सगळे इतकं छान बोललात की हे कुणाबद्दल चाललंय असं मला दोनदा वाटलं. चौतीस वर्षांत मी रागावलेच नाही, असं एकाने सांगितलं. तो माझ्या तासाला बसतच नव्हता, त्याला कुठून कळणार!

आठवणी सांगत बसले तर चहा गार होईल. मला एकच गोष्ट सांगायची आहे. दरवर्षी जुलैमध्ये एस.वाय.च्या पहिल्या तासाला सांगायचे तीच. यंदा जुलैमध्ये सांगता येणार नाही, म्हणून आज.

माझं माहेर सांगलीवाडीचं. कॉलेजला सायकलने यायचे, आयर्विन पुलावरून. १९२९ सालचा पूल. खाली कृष्णा, समोर घाट, आणि उलटा वारा असला की सायकल पुढे सरकायची नाही. पुढे नोकरीला लागल्यावर पहिल्याच तासाला मी फळ्यावर दोन टिंबं काढली, एक सांगली आणि एक सांगलीवाडी. मध्ये एकच रेघ, पूल. विचारलं, पूल एकदाच ओलांडायचा, तर घरून निघून घरी परत येता येईल का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, होडीने!" वर्ग हसला, मीही हसले. होडी मात्र मी पुसून टाकली. गणितात होडी चालत नाही, निदान पहिल्या तासाला तरी.

आता कोनिग्सबर्ग. तेव्हाचं प्रशियातलं शहर, प्रेगेल नदीकाठचं. नदीच्या मध्ये एक बेट, पुढे नदीला दोन फाटे, आणि या चार भूभागांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येतं का, असं कोडं तिथल्या लोकांत होतं. फिरून बघितलेले बरेच असणार. जमलं कुणालाच नाही. पण 'जमलं नाही' आणि 'जमणारच नाही' यांत जे अंतर आहे, त्यावर माझा चौतीस वर्षं पगार झाला.

ऑयलर या गणितज्ञाला हे पत्रातून कळलं. आपण वर्गात त्याला यूलर म्हणतो, तोंडाला तीच सवय आहे, चालू द्या. डान्झिगचा महापौर एलर त्याला या कोड्याबद्दल लिहीत होता. १७३६ मध्ये ऑयलरने त्याला कळवलं ते काहीसं असं, की याचा गणिताशी फारसा संबंध नाही, नुसत्या तर्काने सुटतं, मग हे गणितज्ञाकडे कशाला? मला हे पत्र फार आवडतं. स्टाफरूममध्ये ऑफिसमधून टाइमटेबल बसवायला आलं की आपणही हेच म्हणतो. फरक इतकाच की त्याने बसवून दाखवलं. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याने ते आधीच, ऑगस्ट १७३५ मध्ये, मांडलेलं होतं. वय अठ्ठावीस.

त्याने टिंबं आणि रेघा काढल्याच नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुस्तकात असते ती चार टिंबांची आकृती नंतरच्या लोकांची. त्याने अक्षरं वापरली. चार भूभाग A, B, C, D. फेरफटका म्हणजे अक्षरांची ओळ. एक पूल ओलांडला की एक अक्षर वाढतं, म्हणजे सात पुलांसाठी आठ अक्षरं. आठच जागा. आता A म्हणजे बेट, त्याला पाच पूल. पाच पूल वापरायचे तर ओळीत A तीनदा यायलाच हवा. कमी वेळा आला तर पूल उरतात. B, C, D यांना प्रत्येकी तीन पूल, म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा. तीन आणि दोन, दोन, दोन. नऊ. पंगतीत पाट आठ मांडलेत आणि पाहुणे नऊ आलेत. यजमान कितीही सज्जन असला तरी एक जण उभाच राहणार.

संपलं. शहरात पाय न ठेवता. नदी किती रुंद, पूल दगडी की लाकडी, बेट गोल की लांबट, काही विचारलं नाही. काय काय विचारायचं नाही हे त्याला कळलं, आणि हे कळायला मला नोकरीची दहा वर्षं लागली. नवीन असताना मी फळ्यावर नदीच्या लाटासुद्धा काढायचे.

हेच सोप्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या काठावर तुम्ही आलात की तिथून जावंही लागतं. आला एक पूल, गेला एक पूल, जोडी झाली. एखाद्या काठाला विषम पूल असतील तर एक बिनजोडीचा राहतो. म्हणून तिथून सुरुवात तरी व्हावी लागते, नाहीतर तिथे शेवट. असे काठ दोनच चालतात. कोनिग्सबर्गला चारही विषम. आणि आपल्या सांगली-सांगलीवाडीचं बघा, आयर्विन आणि बायपासचा पूल धरला तर दोन्ही काठांना दोन-दोन, एकाने जा आणि दुसऱ्याने या. एका पावसाळ्यात एक पूल वाहतुकीला बंद होता. दोन्ही काठ विषम झाले. जाता येत होतं, नियमाने परत येता येत नव्हतं. मी त्या संध्याकाळी आईला फोनवर हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तू आधी जेवलीस का?"

आता माझी एक चूक. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, पेन्शनचे कागद गेलेत.

मी बरीच वर्षं सांगत आले, की विषम काठ नसतील तर फेरी होतेच, ऑयलरने सिद्ध केलंय. एका वर्षी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, जास्त विषम असले तर जमत नाही, हे कळलं. पण सगळे सम असले की जमतंच, हे कशावरून?" मी म्हणाले, "उघड आहे." गणिताच्या मास्तरने हे दोन शब्द उच्चारले की समजावं, त्याला येत नाहीये. त्या रात्री वही घेऊन बसले. उघड नव्हतं. ऑयलरने विधान केलंय, पण पुरती सिद्धता दिलेली नाही. ती दिली हियरहोल्झर नावाच्या जर्मन गणितज्ञाने, आणि ती छापून आली १८७३ मध्ये. तोवर तो वारलाही होता, तिशीतच. त्याने सहकाऱ्यांना तोंडी सांगितलेली, त्यांनी आठवून लिहून काढली. मधे एकशे सदतीस वर्षं.

युक्ती गजऱ्यासारखी आहे. कुठूनही निघा, न वापरलेल्या पुलांवरून चालत राहा. सगळीकडे सम पूल असल्यामुळे तुम्ही अडकाल तर निघालात तिथेच. पूल उरले असतील तर वाटेतल्या अशा काठावर जा जिथून उरलेला पूल निघतो, तिथून दुसरा फेरा काढा, तोही तिथेच परत येतो. मग पहिल्या गजऱ्यात त्या जागी दुसरा ओवून टाका. पूल संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी तासाला जाऊन आधी त्या मुलीची माफी मागितली आणि मग हे शिकवलं. ती आज पुण्यात डीएनएच्या वाचनावर काम करते. डीएनए एका दमात वाचता येत नाही, त्याचे बारीक तुकडे वाचतात आणि एकावर एक येणारे जुळवत मूळ ओळ परत उभी करतात. त्याच्या एका पद्धतीत हीच फेरी लागते, प्रत्येक रेघ एकदा. तिने फोन करून सांगितलं, "मॅडम, रोज पूलच ओलांडतेय."

मधली वाढ भराभर सांगते. १८४७ मध्ये किर्खहॉफने विजेच्या जाळ्यांसाठी हाच विचार वापरला. १८५२ मध्ये गथ्री नावाच्या तरुणाने नकाशा रंगवताना विचारलं, चार रंग पुरतात का, आणि त्याचं उत्तर १९७६ पर्यंत लांबलं, तेही संगणकाच्या मदतीने. १८७८ मध्ये सिल्व्हेस्टरने या टिंबं-रेघांच्या आकृतीला 'ग्राफ' हा शब्द दिला आणि माझी कायमची पंचाईत केली. ग्राफ थिअरी म्हटलं की दरवर्षी दोघंतिघं ग्राफ पेपर घेऊन यायची. या विषयाचं पहिलं पुस्तक कोनिगने लिहिलं १९३६ मध्ये, त्या पत्राला बरोब्बर दोनशे वर्षं झाल्यावर.

एका नावापाशी मात्र थांबते. शरदचंद्र श्रीखंडे. जन्म सागरचा, शिक्षण नागपूरचं, पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक. ऑयलरने १७८२ मध्ये चौकोनांच्या एका कोड्याबद्दल अंदाज केला होता, की अमुक आकारांना उत्तर नाही. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये तो खोटा ठरवला. 'नाही' म्हणण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्याला आपल्या माणसाने 'आहे' म्हणून दाखवलं. श्रीखंड्यांच्या नावाचा एक ग्राफही आहे, सोळा बिंदू, प्रत्येकाला सहा शेजारी. तो मी फळ्यावर काढायला जायचे तेव्हा चौदाव्या बिंदूपाशी तास संपायचा. आज त्याचा फोटो प्रोजेक्टरवर येतो. चांगलंच आहे. पण हात खडूने भरत नाहीत.

घंटागाडी आठवतेय का तुम्हाला? मागे बसलेल्या बॅचला आठवत असेल. विश्रामबागच्या एका कॉलनीत गाडीने प्रत्येक रस्त्यावरून जायचं आणि कमीत कमी रस्ते दोनदा करायचे, असा प्रोजेक्ट दिला होता. १९६० मध्ये ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने पोस्टमनसाठी विचारलेला हाच प्रश्न. विषम चौक शोधा, त्यांच्या जोड्या लावा, जोडीतलं अंतर दोनदा करा. मुलं दोन दिवस उन्हात हिंडून वही घेऊन आली. "मॅडम, सात विषम चौक." मी वहीला हातही लावला नाही. म्हटलं, सात असूच शकत नाहीत, परत मोजून या. मुलं चिडली. मॅडम खुर्चीत बसून आमचे चौक मोजतायत! परत गेली. एका घरामागे बंद बोळ निघाला, त्याचं टोक धरायचं राहिलं होतं. आठ.

कसं कळलं? संक्रांतीला तिळगूळ देतो-घेतो, ते दोघांच्या हिशोबात मोजलं जातं. सगळ्यांची बेरीज केली की प्रत्येक देवघेव दोनदा येते, म्हणून बेरीज सम. आणि बेरीज सम हवी तर विषम आकडेवाले लोक सम संख्येतच असणार. रस्त्याला दोन टोकं, तसंच हे.

कोनिग्सबर्गचं आज कालिनिनग्राद झालंय. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, नंतर रस्ते बदलले, आणि त्या जागी आता पाच पूल आहेत. विषम काठ दोनच उरलेत. म्हणजे आज तो फेरफटका होतो, फक्त निघाल तिथे परत येत नाही, बेटावरून निघायचं आणि दोन फाट्यांमधल्या भूभागावर थांबायचं, किंवा उलट. मला तिथे जायचं आहे. ह्यांना सांगून ठेवलंय, पासपोर्ट काढा.

कपाटाची किल्ली मी सकाळीच ऑफिसात दिली. खालच्या खणात रंगीत खडूंचा डबा आहे, तो नवीन मॅडमसाठी. हिरवा खडू संपत आलाय.

आता खाली उतरले की तुम्ही सगळे हात मिळवायला याल, आपापसांतही मिळवाल. प्रत्येकाने आपला आकडा लक्षात ठेवायचा, आणि जाताना मामांकडे सांगायचा. विषम आकडेवाले मामांनी वेगळे लिहायचे. सात किंवा नऊ निघाले, तर कुणीतरी खोटं बोलतंय, आणि कोण ते मी शोधून काढीन. चला, भडंग सादळतंय.