गुरुत्वाकर्षणाची स्लाइड: कोणत्या गणिताला कोणतं सूत्र

वर्ग दहावी, विज्ञान भाग १, पाठ पहिला. वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या.

सोमवारी टीव्हीवर दाखवलेली स्लाइड हीच. वरची हिरवी पट्टी आणि कोपऱ्यातलं रॉकेट मी गाळलंय, सूत्रांना नंबर दिलेत. लाइन गेली की टीव्ही गेला, वही मात्र दप्तरातच असते.

```
1  F = G m1 m2 / d²
2  g = GM / R²
3  g = GM / (R+h)²
4  W = mg
5  v = u + at
6  s = ut + ½at²
7  v² = u² + 2as
8  K.E. = ½mv²
9  P.E. = mgh
10 v_esc = √(2GM/R) = √(2gR)
11 v_c = √(GM/(R+h))
12 T² / r³ = K
```

ज्याने कोणी ही स्लाइड बनवली त्याने बाराही सूत्रं एकाच मापाच्या अक्षरात, एकाखाली एक कोंबली. त्यामुळे सगळी सारखीच वाटतात. अकरावं तर या पाठातलं नाहीच, ते अवकाश मोहिमांच्या पाठातलं आहे.

चाचणीत पहिलं गणित विहिरीचं होतं. विहिरीत दगड सोडला, दीड सेकंदाने पाण्याला लागला, विहीर किती खोल? अर्ध्याहून जास्त वर्गाने सूत्र १ लावलं आणि पृथ्वीचं वस्तुमान लिहून घामाघूम झाला. विचारलं तर उत्तर आलं, "सर, पाठच गुरुत्वाकर्षणाचा हाय, मंग दुसरं कोणतं लावाचं?" पाठाच्या नावावरून सूत्र ठरत नाही. गणितात काय दिलंय, काय विचारलंय आणि कशाचं नावच नाही, यावरून ठरतं. हे तिसरं, म्हणजे गायब असलेलं, बहुतेक जण बघतच नाहीत, आणि ५, ६, ७ मधून निवड करताना नेमकं तेच कामी येतं.

पडणं, सोडणं, फेकणं: ५, ६ आणि ७

या तिन्ही सूत्रांत मिळून पाच राशी आहेत: `u, v, a, s, t`. प्रत्येक सूत्रात त्यातल्या चारच असतात. पाचात `s` नाही. सहात `v` नाही. सातात `t` नाही. गणितात ज्या राशीचा पत्ताच नाही, ती ज्या सूत्रात नाही ते सूत्र तुमचं.

तीच विहीर घेऊ आणि तिला तीन प्रश्न विचारू. `g = 10` धरलंय. चाचणीत प्रश्नपत्रिका 9.8 सांगेल तर 9.8, काहीच सांगितलं नसेल तरी 9.8.

दगड १.५ सेकंदात पाण्याला लागला, विहीर किती खोल? वेळ दिली, अंतर विचारलं, पाण्याला लागतानाच्या वेगाचं नाव नाही. म्हणून सूत्र ६.

```
s = 0 + ½ × 10 × 1.5² = 11.25 m
```

सव्वाअकरा मीटर म्हणजे जवळपास ३७ फूट. आपल्याकडच्या विहिरीला शोभेल असं उत्तर आहे. उत्तर ११०० मीटर आलं तर आकडेमोड परत बघा, एवढी खोल विहीर कोणी खोदत नाही.

दगड १.५ सेकंदात पडला, पाण्याला लागताना वेग किती? आता अंतर गायब. सूत्र ५: `v = 0 + 10 × 1.5 = 15 m/s`.

विहीर ११.२५ मीटर खोल, पाण्याला लागताना वेग किती? वेळ गायब. सूत्र ७: `v² = 2 × 10 × 11.25 = 225`, म्हणून `v = 15 m/s`. दोन वाटांनी उत्तर एकच आलं. पेपरात वेळ उरला तर असं दुसऱ्या सूत्राने पडताळून बघता येतं.

आता गणितात दडलेली अक्षरं. "सोडला", "गळून पडला", "स्थिर स्थितीतून" असं लिहिलं की `u = 0`. आकडा दिसत नाही म्हणून तो दिलाच नाही असं धरू नका, तो शब्दात दिलाय. "जास्तीत जास्त उंची" म्हटलं की तिथे `v = 0`. पण वर पोचल्यावर त्वरण शून्य होत नाही, ते तिथेही `g` च असतं. नाहीतर चेंडू वरच लटकून राहिला असता.

वर फेकलेल्या वस्तूला `a = -g`, खाली पडणाऱ्या वस्तूला `a = +g`. चेंडू 10 m/s ने वर फेकला, किती उंच जाईल? वेळ गायब, सूत्र ७: `0 = 100 - 20s`, `s = 5 m`. उणे विसरलात तर `s = -5` येतं. मग काही जण उणे खोडून ५ लिहितात. मला ते कळतं. मार्क कापतो.

अजून एक चकवा. "२०० ग्रॅम वस्तुमानाचा दगड" असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते २०० कुठेतरी घुसवायला बघता. ५, ६, ७ मध्ये `m` आहे का? नाही. हवेचा विरोध धरला नाही तर २०० ग्रॅमचा आणि २ किलोचा दगड सारख्याच वेळात खाली येतात. दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे असं बंधन नाही.

वजन आणि वस्तुमान: ४

इथे तुमचा दोष कमी, बोलीचा जास्त. काट्यावर कापूस मोजताना आपण "वजन एक क्विंटल" म्हणतो. विज्ञानाच्या वहीत ते वस्तुमान, 100 kg. वजन म्हणजे पृथ्वी त्या कापसाला किती बलाने ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये: `W = 100 × 9.8 = 980 N`. तोच कापूस चंद्रावर नेला तर तिथला `g` साधारण सहावा भाग, वजन सुमारे 163 N. वस्तुमान १०० किलोच. गणितात "किलो" दिसलं की `m`, "न्यूटन" दिसलं की `W`. प्रश्नात "वजन" शब्द असला तरी एकक बघूनच ठरवा.

दोन वस्तू आणि त्यांच्यातलं अंतर: १

दोन्ही वस्तुमानं दिली, मधलं अंतर दिलं, बल विचारलं, तेव्हाच १. बाकावर १ मीटर अंतराने बसलेले ५० आणि ४० किलोचे दोन पोट्टे घ्या:

```
F = 6.67×10⁻¹¹ × 50 × 40 / 1² = 1.334×10⁻⁷ N
```

इतकं कमी की तुम्ही एकमेकांकडे ओढले जात नाही. पाठीमागून गप्पा येतात त्याचं कारण वेगळं. `d` चा वर्ग विसरू नका. अंतर दुप्पट झालं की बल निम्मं नाही, पाव होतं.

पृथ्वीसोबत दुसरा ग्रह आला की: २ आणि ३

ग्रहाचं वस्तुमान आणि त्रिज्या दिली, `g` विचारला, तर २. पृष्ठभागापासून बरंच वर, शेकडो किलोमीटरवर, `g` किती असं विचारलं तर ३. झाडावर किंवा टाकीवर चढलात म्हणून ३ लावू नका. 6400 km च्या पुढे २० मीटर म्हणजे काहीच नाही. पण ३२०० किलोमीटर उंचीवर मात्र `R+h` हे `R` च्या दीडपट होतं, आणि `g = 9.8 / 1.5² ≈ 4.36 m/s²`. २ आणि ३ मध्ये `G` आणि `M` चे आकडे घालणार असाल तर किलोमीटरचे मीटर आधी करा, मगच वर्ग.

"पट" हा शब्द दिसला की आकडे घालूच नका, गुणोत्तर मांडा. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या ८ पट, त्रिज्या २ पट, तर `g` हा `8/2² = 2` पट, म्हणजे 19.6. `10²⁴` आणि `10⁻¹¹` यांच्याशी झुंजण्यापेक्षा हे एका ओळीत होतं.

मुक्तिवेग आणि कक्षेतला वेग: १० आणि ११

चाचणीत यांची सर्वात जास्त अदलाबदल झाली, म्हणून जरा थांबा. दगड असा फेकायचा की पृथ्वीकडे परत येणारच नाही, तर मुक्तिवेग, सूत्र १०: `√(2 × 9.8 × 6.4×10⁶) = 11200 m/s`, म्हणजे 11.2 km/s. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहायचा असेल तर क्रांतिक वेग, सूत्र ११. ४०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला तो साधारण 7.67 km/s लागतो. प्रश्नात "कक्षा", "उपग्रह", "परिभ्रमण" असे शब्द असतील तर ११. "सुटणे", "अवकाशात निघून जाणे" असेल तर १०. दहामधला 2 अकरात नाही, हेही लिहून ठेवा.

मघाच्या ८ पट, २ पट ग्रहाचा मुक्तिवेग `√(8/2) = 2` पट. `g` पण २ पट आला होता. हा आकड्यांचा योग आहे, दरवेळी असं जुळणार नाही. `g` मध्ये त्रिज्येचा वर्ग आहे, मुक्तिवेगात वर्गमूळ.

वर्ष किती मोठं: १२

ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि परिभ्रमणकाळ एवढंच असेल आणि वस्तुमान कुठेच नसेल, तर केप्लरचा तिसरा नियम. अंतर ४ पट झालं तर `4³ = 64`, त्याचं वर्गमूळ ८, म्हणून काळ ८ पट.

शनी पृथ्वीपेक्षा सूर्यापासून सुमारे ९.५४ पट लांब. घन करून वर्गमूळ काढा, साधारण २९.५ वर्षं येतात. एवढ्या वर्षांत तो बारा राशी ओलांडतो, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशी धरल्या की साडेसात. घरी आजी म्हणते ती साडेसाती या सूत्रात बसते. ती कोणाला पिडते की नाही, हे सूत्र सांगत नाही.

ऊर्जा: ८ आणि ९

"ऊर्जा" किंवा "ज्यूल" हा शब्द असेल तरच. `mgh` फक्त जमिनीच्या जवळ चालतं. संपलं.

उद्यासाठी

उत्तर काढायचं नाही. फक्त सूत्राचा नंबर आणि गणितात काय गायब आहे किंवा कोणता शब्द सापडला, एवढं लिहा.

(अ) ५०० ग्रॅमचा चेंडू सरळ वर फेकला, तो ४ सेकंदांनी हातात परत आला. किती उंच गेला होता?

(आ) एका ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या आठव्या भागाइतकं, त्रिज्या निम्मी. तिथून मुक्तिवेग किती?

(इ) ४५ किलोच्या युरियाच्या बॅगचं चंद्रावर वस्तुमान किती?

(इ) ला बारापैकी कोणतंही सूत्र लावून आणलंत तर पान ४ ची वजनाची उजळणी पाच वेळा.