पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : २१ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. क्षेत्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना,
क्षेत्रीय कार्यालय, नाशिक

विषय : पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मधील परिच्छेद ६८-जे खाली रु. १,११,६०० इतका परतफेडीची अट नसलेला अग्रिम मिळण्याबाबत

महोदय,

मी प्रकाश रामदास गांगुर्डे, राहणार सिडको, नाशिक. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २०१० पासून सीएनसी मशिनवर ऑपरेटर आहे. तेव्हापासून माझी वर्गणी खंड न पडता जमा होत आली आहे. या चौदा वर्षांत मी फंडातून एकदाही पैसे काढलेले नाहीत. यूएएन, आस्थापनेचा संकेतांक आणि बँक खाते सोबतच्या कम्पोझिट क्लेम फॉर्मवर (आधार) लिहिले आहे. यूएएन चालू आहे, आधार आणि बँक खाते त्याला जोडलेले व पडताळलेले आहे. त्यामुळे हा फॉर्म कंपनीच्या सहीशिवाय थेट आपल्याकडे देत आहे.

माझी पत्नी सुनंदा, वय ४४. मे महिन्यात तिच्या उजव्या स्तनात गाठ लागली. ३१ मे रोजी बायोप्सीचा अहवाल आला आणि कर्करोग असल्याचे निश्चित झाले. गाठ मोठी असल्याने डॉक्टरांनी आधी केमोथेरपी देऊन ती लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया करायची असे ठरवले. दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे १४ जून, ५ जुलै, २६ जुलै आणि १६ ऑगस्टला चार केमो झाल्या. गाठ आता निम्म्याहून लहान झाली आहे. शस्त्रक्रियेची तारीख मंगळवार, १० सप्टेंबर मिळाली आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी असे शस्त्रक्रियेचे नाव आहे. ही मोठी शस्त्रक्रिया असून ती पुढे ढकलता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. परिच्छेद ६८-जे मध्ये मोठी शस्त्रक्रिया आणि कर्करोग या दोन्हींचा नावानिशी उल्लेख आहे आणि कुटुंबातील व्यक्तीच्या उपचारासाठीही अग्रिम मिळतो, त्या आधारे हा अर्ज करत आहे.

रकमेचा हिशेब असा. माझा मूळ पगार ११,९०० आणि महागाई भत्ता ६,७००, मिळून १८,६०० रुपये. सहा महिन्यांचे १,११,६०० होतात. पासबुकात माझ्या स्वतःच्या वर्गणीचा हिस्सा व्याजासह ३,४६,२१८ रुपये दिसतो. २०२३-२४ चे व्याज त्यात अजून जमा दिसत नाही. परंतु दोहोंपैकी कमी असेल ती रक्कम मिळते, म्हणजे मर्यादा पगारावरच ठरते आणि व्याजामुळे काही फरक पडत नाही. म्हणून बरोबर १,११,६०० मागत आहे, त्याहून एक रुपया जास्त नाही. कंपनीच्या हिश्शाला किंवा पेन्शनच्या रकमेला हात लावण्याचा प्रश्न येत नाही.

रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च १,६५,००० रुपये दिला आहे. त्यात शस्त्रक्रियागृह, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, पाच दिवसांचा मुक्काम, औषधे आणि काढलेल्या भागाची पॅथॉलॉजी तपासणी धरली आहे. सुनंदाच्या भिशीचे ५०,००० रुपये हातात आहेत, उरलेले थोडे मी भरतो. आधीच्या चार केमोंचा खर्च आमच्या बचतीतून आणि कामगार पतसंस्थेच्या ६०,००० रुपयांच्या कर्जातून झाला. तो या अर्जात धरलेला नाही. तिच्यासोबत राहण्याचा, रिक्षाचा, घरात मदतीला आलेल्या मेव्हणीचा खर्चही धरलेला नाही. हे पैसे उपचारासाठी मिळतात, म्हणून उपचाराचाच खर्च दाखवला आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी केली. पण उपचार सुरू असलेले रुग्णालय त्या यादीत नाही. चार केमो झाल्यावर आता डॉक्टर आणि रुग्णालय बदलायला तिची तयारी नाही, आणि मलाही तिला त्यासाठी भाग पाडावेसे वाटत नाही. ईएसआयचा लाभही आम्हाला नाही. माझा एकूण पगार २४,७५० रुपये आहे, म्हणजे ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेपेक्षा जास्त. कंपनीने तसे पत्र दिले आहे, ते जोडले आहे. मूळ पगार, महागाई भत्ता आणि एकूण पगाराचे आकडेही त्याच पत्रात आहेत.

आता कारणाविषयी. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण या कागदांवर खरे कारण असावे असे मला मनापासून वाटते. जुलैमध्ये पैशांची निकड होती म्हणून मी आमच्या भागातल्या एका सायबर कॅफेत ऑनलाइन क्लेम भरायला गेलो होतो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, आजारपण टाकलं की कागद मागतात, घरदुरुस्ती टाकू, पटकन निघतात." मी समोर बसलो होतो आणि त्याने ते टाकलेही. ओटीपी मात्र माझ्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात होता, त्यामुळे क्लेम सादर झाला नाही. घरी आल्यावर शांतपणे विचार केला. आम्ही राहतो ते घर वडिलांच्या नावावर आहे. त्याची दुरुस्ती निघालेली नाही. बायको आजारी असताना मी घराच्या नावाने पैसे का मागावेत? त्यामुळे माझ्या खात्यावर त्या कारणाचा कोणताही क्लेम दाखल झालेला नाही. मागणीचे कारण एकच, पत्नीचा आजार, आणि फॉर्मच्या कारणाच्या रकान्यातही तेच लिहिले आहे.

ऑनलाइन न भरता कागदी अर्ज देण्याचे कारणही तोच नंबर आहे. आधारला जोडलेला माझा जुना मोबाइल क्रमांक बंद झाला आहे. १२ ऑगस्ट रोजी आधार सेवा केंद्रात जाऊन नवा क्रमांक जोडण्याचा अर्ज केला, त्याची पावती सोबत आहे. क्रमांक बदलून मिळेपर्यंत थांबलो तर शस्त्रक्रियेची तारीख हातची जाईल. नवा क्रमांक मध्येच जोडला गेला तरी या अर्जाचा निर्णय होईपर्यंत मी त्याच कारणासाठी दुसरा ऑनलाइन क्लेम भरणार नाही, असे लिहून देतो.

पुराव्यांबाबत थोडे सांगतो. २०१७ पासून आजारपणाच्या अग्रिमासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती राहिलेली नाही, सदस्याचे स्वयंघोषणापत्र पुरते, हे मला माहीत आहे. फॉर्मवर ते सही करून दिलेच आहे. तरीही कागद जोडत आहे, म्हणजे तपासणाऱ्या साहेबांना काही शंका आली तर मला पुन्हा बोलावण्यात दिवस जाऊ नयेत. बायोप्सीचा अहवाल, १७ ऑगस्टचे डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र, रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि चारही केमोंची बिले, सगळ्यांच्या स्वसाक्षांकित प्रती आहेत. मूळ कागद शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयात दाखवायचे असल्याने माझ्याकडे ठेवले आहेत. सांगाल त्या दिवशी घेऊन येईन.

नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला आहे. इथे एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देतो. पत्नीच्या आधारवर "सुनंदाबाई प्रकाश गांगुर्डे" असे नाव आहे, रुग्णालयाच्या सर्व कागदांवर "सुनंदा प्रकाश गांगुर्डे" असे आहे. केसपेपर काढताना मेव्हणीने घरातले नाव सांगितले आणि पुढे सगळीकडे तेच उतरले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. रुग्णालयाने तिचे आधार पाहून तसे प्रमाणपत्राच्या तळाशी लिहून सही केली आहे, आणि माझे वेगळे घोषणापत्रही सोबत आहे. ई-नामनिर्देशनात तिचे नाव आधारप्रमाणेच आहे.

बँकेच्या बाबतीत, यूएएनला जोडलेल्या खात्याचा कॅन्सल्ड चेक लावला आहे. त्यावर माझे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी छापलेले आहे. छायाप्रत दिलेली नाही, मूळ चेकच आहे, कारण प्रतीवर खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसट येत होते.

महोदय, क्लेम निकाली काढायला वीस दिवसांची मुदत असते. आजपासून विसावा दिवस म्हणजे बरोबर १० सप्टेंबर, शस्त्रक्रियेचाच दिवस. रुग्णालयात ८ तारखेला रात्री दाखल व्हायचे आहे आणि दाखल होताना एक लाख रुपये अनामत भरावी लागते. त्यातच ७ तारखेला गणेश चतुर्थी आणि ८ ला रविवार आहे, तेव्हा बँकेच्या दृष्टीने आमच्या हातात ६ तारखेपर्यंतचाच वेळ आहे. रांग मोडून माझे काम आधी करा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची गरज असतेच. इतकीच विनंती की अर्जात त्रुटी असेल तर तो फेटाळण्याआधी मला एक फोन करावा. त्याच दिवशी येऊन ती पूर्ण करीन. चालू मोबाइल क्रमांक फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिला आहे. या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे आणि मशिनवर असताना फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे दुपारी चारनंतर हमखास उचलेन. त्याआधी फोन आला तर सुटल्या सुटल्या परत करीन.

शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याचा खर्च आज निश्चित नाही, म्हणून या अर्जात धरलेला नाही. गरज पडली तर त्या वेळचे कागद घेऊन वेगळा अर्ज करीन. शस्त्रक्रिया झाल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिलाच्या प्रती आपल्या कार्यालयात आणून देईन. कोणी मागितल्या नाहीत तरी देईन.

वर लिहिलेला सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. मिळणारी रक्कम फक्त पत्नीच्या उपचारासाठीच वापरीन.

अर्ज मिळाल्याची पोच दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
प्रकाश रामदास गांगुर्डे
सिडको, नाशिक

सोबत : सही केलेला कम्पोझिट क्लेम फॉर्म (आधार) व स्वयंघोषणापत्र, बायोप्सी अहवाल, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, अंदाजपत्रक आणि केमोची चार बिले, कंपनीचे पगार व ईएसआयबाबतचे पत्र, दोघांच्या आधारच्या प्रती, रेशनकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला व नावाबाबतचे घोषणापत्र, मूळ कॅन्सल्ड चेक, पासबुकाची छापील प्रत, आधार सेवा केंद्राची १२ ऑगस्टची पावती.