स्वयंमूल्यमापन अहवाल : अभ्यासक्रम, अध्यापकवर्ग आणि प्रशासन

मान्यतेच्या नूतनीकरणासाठी मूल्यांकन समितीस सादर

आमच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयाचे अध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी आणि मंडळ्यांत सेवा करणारे माजी विद्यार्थी यांनी मिळून हा अहवाल तयार केला आहे.

अभ्यासक्रम

चार वर्षांच्या पदवीला हिब्रू आणि ग्रीक सक्तीच्या आहेत व दोन्हींचे निकाल चांगले लागतात. पण शिकलेली भाषा उपदेशापर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी आम्ही अंतिम वर्षाचे १४ उपदेश वाचले. मूळ भाषेचा खरा उपयोग त्यांपैकी फक्त चारांत दिसला.

एक उपदेश योहान १:१४ वर होता. ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ या शब्दांवर विद्यार्थी मनापासून बोलला होता. मात्र तिथल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी तंबू आहे, निर्गमाच्या ४० व्या अध्यायात परमेश्वराच्या तेजाने भरून गेलेला निवासमंडप त्या शब्दामागे उभा आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. ग्रीकमध्ये त्याला प्रथम श्रेणी होती. चूक त्याची नाही. आम्ही रूपे पाठ करून घेतली, वचन उलगडायला शिकवले नाही. येत्या वर्षापासून भाषेचे व उपदेशशास्त्राचे अध्यापक अंतिम वर्षाचा एक वर्ग एकत्र घेतील.

अशीच फारकत इतिहासातही आहे. निकैया (३२५) आणि खाल्केदोन (४५१) या परिषदा पहिल्या वर्षी सनावळीसारख्या शिकवल्या जातात. ख्रिस्ताविषयीचा सिद्धान्त येतो थेट तिसऱ्या वर्षी. वाद कशावरून पेटला होता, हे तोवर कुणाला आठवत नाही. हे दोन्ही भाग एका सत्रात आणण्याचा प्रस्ताव अभ्यासमंडळापुढे आहे.

अध्यापकवर्ग

पूर्णवेळ अध्यापक नऊ आहेत, त्यांत दोन स्त्रिया. जुना करार एकच अध्यापक शिकवतात आणि तेच वसतिगृहाचेही काम पाहतात. आठवड्याला अठरा तासिका घेऊन संशोधन होत नाही, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. ते दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या जागी येणारी व्यक्ती किमान एक वर्ष आधी रुजू व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

प्रशासन

आर्थिक व्यवहारांची दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी होते. त्यात आक्षेप नाहीत. उणीव दुसरीकडे आहे. प्राचार्य हेच नियामक मंडळाचे सचिव असल्याने त्यांच्या कामाचे मूल्यमापन ज्या बैठकीत व्हायचे, तिचे इतिवृत्त तेच लिहितात. गेल्या तीन वर्षांच्या इतिवृत्तांत अशा मूल्यमापनाची एकही नोंद आम्हाला सापडली नाही. सचिवपद वेगळे करावे, ही मागणी खुद्द प्राचार्यांनीच केली. घटनादुरुस्तीचा मसुदा तयार आहे. त्यात अध्यापकांच्या निवडून आलेल्या एका प्रतिनिधीला मंडळावर मताधिकारासह जागा दिली आहे. या कलमाला मंडळाच्या काही सदस्यांचा विरोध असून मतदान अजून व्हायचे आहे.