केवळ संपादकांसाठी: शोधनिबंध क्र. २१७ बाबत गोपनीय टिपण

माननीय संपादक,

गुडघेदुखीवरील व्यायामचाचणीच्या या निबंधाचे परीक्षण सोबत पाठवले आहे. लेखकांसाठीच्या अभिप्रायात न लिहिलेल्या काही गोष्टी इथे मांडतो. हे टिपण लेखकांपर्यंत जाऊ नये, ही विनंती.

तक्ता २ मध्ये व्यायाम गटाची सहाव्या आठवड्याची वेदनेची सरासरी ३.४८ दिली आहे. मोजपट्टी ० ते १० अशी पूर्णांकांची आणि रुग्ण २८. बेरीज ९७ असेल तर सरासरी ३.४६ येते, ९८ असेल तर ३.५०, मधला आकडा निघूच शकत नाही. रुग्ण २७ धरले, तर मात्र बेरीज ९४ घेऊन ३.४८ बरोबर जुळते. म्हणजे एका रुग्णाची नोंद राहून गेली असणे शक्य आहे, पण निबंधात 'एकही रुग्ण गळाला नाही' असे स्पष्ट म्हटले आहे. एवढेच असते तर मी छपाईची चूक समजून पुढे गेलो असतो.

मला जास्त खटकली ती पुरवणी फाइल. ओळ ९ ते १५ (व्यायाम गट) आणि ओळ ३७ ते ४३ (तुलना गट) यांत वेदना, गुडघ्याचा कोन आणि चालण्याचा वेळ हे तिन्ही रकाने त्याच क्रमाने तंतोतंत सारखे आहेत. वय आणि वजन तेवढे वेगळे. दोन्ही ठिकाणी अंतर बरोबर २८ ओळींचे, म्हणजे दोन्ही गटांतले तेच अनुक्रमांक. तक्ता जुळवताना कॉपी-पेस्टची गफलत झाली तरी असेच दिसेल. तसे असेल तर मूळ नोंदी वेगळ्या निघतील आणि प्रश्न मिटेल, निष्कर्ष मात्र नव्याने काढावे लागतील.

कोन साध्या हाती कोनमापकाने मोजल्याचे लिहिले आहे. अशा वाचनात शेवटी ० आणि ५ जास्त येतात, कारण माणूस जवळच्या खुणेवर आकडा टेकवतो. इथे शेवटचे अंक जवळपास सारखे विखुरलेले आहेत. मोजणारा फार काटेकोर असेल किंवा डिजिटल उपकरण वापरले असेल. या मुद्द्याला मी फार वजन देत नाही.

यावरून लेखकांच्या हेतूबद्दल मी काहीही म्हणत नाही. तो ठरवण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. लेखकांशी माझा परिचय किंवा हितसंबंध नाही आणि हा विषय मी इतर कोणाशीही बोललेलो नाही.

सुचवतो ते असे: निर्णय तूर्त राखून ठेवावा आणि लेखकांकडून रुग्णनिहाय मूळ मोजणीपत्रके (ओळख झाकून), नीतिमत्ता समितीची मान्यता आणि चाचणीची नोंदणी मागवावी. पत्राचा सूर नेहमीच्या चौकशीचाच असावा. माझ्या अभिप्रायातही मी 'ओळ ९–१५ आणि ३७–४३ कृपया तपासाव्यात' एवढेच लिहिले आहे. आलेली फाइल माझ्याऐवजी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे पाहिलेली बरी. माझी नजर आता याच ओळींवर अडकली आहे. उत्तर समाधानकारक नसेल, तर सीओपीईच्या मार्गदर्शनानुसार पुढची चौकशी लेखकांच्या संस्थेकडे सोपवता येईल. ते काम माझे नाही.

दोन्ही ओळगट रंगवलेली फाइल जोडली आहे.

आपला,
परीक्षक क्र. २