चिकटपट्टी

सकाळी साडेसहाला डेअरीत लाईट गेली. उचगाव भागात पावसाळ्यात हे काय नवीन नाही, खरं आज इन्व्हर्टरबी बसला होता, म्हणजे काटा बंद, फॅटचं मशीन बंद, कॉम्प्युटर बंद, आणि पत्र्याखाली पन्नासेक माणसं बरण्या घेऊन उभी. टँकर आठला येणार, थांबत नाही कुणासाठी.

सुनिताने पोराच्या शाळेची चौकोनी वही काढली नि रेघा मारल्या. नंबर, गाय का म्हैस, लिटर, सही. जुनं लिटरचं माप धुवून घेतलं. प्रत्येकाच्या दुधाचं सॅम्पल छोट्या बाटलीत काढायचं, वर कार्ड नंबर टाकायचा, लाईट आली की फॅट लावायची. खरं ओल्या काचेवर स्टिकर टिकेना, पेनबी उमटेना. मग जनावराच्या डॉक्टरने ठेवलेली पांढरी चिकटपट्टी सापडली, बाटली ओढणीला पुसून पट्टी लावली आणि पेन्सिलीने लिहिलं तर झकास उमटलं.

"फेसासकट मोजूलीस गे?" पाटलांचा अण्णा ओरडला. रोज त्याचा पोरगा येतो, आज पोराला ताप म्हणून स्वतः आलेला, आणि महिनाभराचा राग घेऊनच आलेला.

त्याचं खोटं नव्हतं. काट्याला फेसाचं काय पडलेलं नसतं, मापाला पडतं. आणि फेस बसायची वाट बघत बसलं तर दहासुद्धा माणसं होणार नाहीत. सुनिता बाहेर आली, "सगळ्यांनी बरण्या खाली ठेवा, झाकण काढा, हलवू नका. लाईनीत उभं राहूस्तोवर फेस आपसूक बसतंय."

बसव्वाला मराठी कळतं खरं बोलते कन्नड, तिने मागच्यांना तेच जोरात सांगितलं आणि लाईन सरकायला लागली. शाळेची पोरं पुढे घेतली, त्यांची बस होती. एकाने मोबाईलची बॅटरी धरली, एकजण गाईचं नि म्हशीचं वेगळ्या कॅनात ओतत होता, सुनिता नुसती लिहीत होती.

टँकरवाला म्हणाला स्लिप पाहिजे, नाहीतर नेत नाही.

"स्लिप काय, ही वही बघा आणि सही करा. मी पण करतोय, हे अण्णा पण करतील."

अण्णाने कुरकुरत केली.

साडेआठला लाईट आली तेव्हा अण्णा तिथेच बाकड्यावर होता. माझी बाटली माझ्यादेखत लाव, म्हणाला, रोज पाच पाच दाखवून बुडवूल्यात मला. चिकटपट्टीवरचा नंबर त्याने स्वतः वाचून दिला. मशीनवर ६.८ आली.

"बघ, आज बरी आली!"

"मशीन तेच आहे की अण्णा. रोज दूध कोण आणतंय?"

अण्णा क्षणभर बघत राहिला. मग रिकामी बरणी उचलून तरातरा घराकडे निघाला, छत्री बाकड्यावरच.